तिळाचा लाडू आणि आपाचं मनगट

गेल्या हिवाळ्यात माझी थोरली बहीण, आपा, अंगणात घसरली आणि मनगट मोडून बसली. दुधानं पोट फुगतं म्हणून तिनं ते कधीच सोडलं होतं. "रोज दोन तिळाचे लाडू खाते की मी!" असं ती डॉक्टरीणबाईंना ठासून सांगत होती. बाईंनी विचारलं, "तीळ कोणते?" आपा म्हणाली, "पांढरेशुभ्र. महागातले."

घोटाळा तिथेच होता. तिळातलं बहुतेक कॅल्शियम त्याच्या सालीत असतं. सालासकट शंभर ग्रॅम तिळात ते हजार मिलिग्रॅम किंवा थोडं अधिक भरतं. साल काढून चकचकीत केलेल्या तिळात त्याचा दहावा हिस्सा जेमतेम उरतो. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका, सालासकटचे तीळही पांढुरके असतात. ते मळकट आणि हाताला किंचित खरखरीत लागतात. सोललेले मोत्यासारखे गुळगुळीत. शंका आलीच तर चमचाभर तीळ रात्री भिजवून सकाळी बोटांत चोळावेत. पातळ टरफल सुटलं तर साल आहे.

आता हिशेब. मी बी.ए. झालेला कवी, पण एवढं गणित जमतं. पाव किलो तिळाचे पंचवीस लाडू वळले तर एका लाडवात दहा ग्रॅम तीळ येतात, म्हणजे सालासकट शंभर मिलिग्रॅम कॅल्शियम. दोन लाडवांचं दोनशे. मोठ्या माणसाला दिवसाला हजार लागतं. आपाच्या सोललेल्या तिळाच्या दोन लाडवांतून वीसेक मिळत होतं!

शिवाय पोटात गेलेलं सगळं अंगी लागत नाही. सालीतलं कॅल्शियम ऑक्झलेटशी घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे तिळातलं साधारण पाचवा हिस्सा रक्तात उतरतं, दुधातलं जवळपास तिसरा. म्हणजे कपभर दुधाची बरोबरी करायला असे चार लाडू लागतात. भाजून हे बंधन सुटत नाही. मात्र अख्खे तीळ पुष्कळदा न चावता तसेच बाहेर पडतात, म्हणून भाजलेले तीळ जाडसर कुटून गुळात घातलेले बरे.

मग चार लाडू खावेत का? गूळ-शेंगदाण्यासह एका लाडवात शंभराच्या वर कॅलरी असतात. चार म्हणजे जेवणाइतक्याच झाल्या. मधुमेहाला गूळही साखरच. मुतखडा झालेल्यांनी तर सालाचे तीळ डॉक्टरांना विचारूनच खावेत.

आपाला बाईंनी लाडू बंद केले नाहीत. सालाच्या तिळाचे दोन, एक सकाळी, एक दुपारी, कारण थोडं थोडं घेतलेलं अधिक शोषलं जातं. दूध सोसत नाही, पण दही सोसतं, म्हणून दोन वाट्या दही आणि नाचणीची भाकरी. आपा तेवढ्यावरही कुरकुरली, "हे मळके तीळ लाडवात दिसतात कसे!"