वॉटरमार्क : काढावा कधी आणि कसा

इंटरनेटवरून मुक्त परवान्याखाली मिळालेल्या छायाचित्राच्या कोपऱ्यात बऱ्याचदा छायाचित्रकाराचे नाव उमटवलेले असते. एखाद्या किल्ल्यावरच्या लेखात, पुस्तकात किंवा विकिपीडियावर असे छायाचित्र घ्यायचे झाले की ते नाव डोळ्यांना खुपते आणि ते पुसून टाकावे असे वाटते. पण हे नाव नुसते नक्षीकाम नसते. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ब हे कलम घालण्यात आले. निर्मात्याचे नाव, हक्कधारकाचे नाव-पत्ता, वापराच्या अटी अशी हक्कांविषयीची माहिती कोणी अधिकार नसताना जाणूनबुजून काढली किंवा बदलली, तर या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कलमातले ‘अधिकार नसताना’ हे शब्द कळीचे आहेत. तो अधिकार परवान्याने दिला आहे का, हे आधी ठरवावे लागते. पुसण्याचे काम त्यानंतरचे.

विकिमीडिया कॉमन्सवर सर्रास दिसणारा CC BY-SA 4.0 हा परवाना उदाहरणादाखल घेता येईल. तो चित्रात बदल करायला आणि बदललेले चित्र वाटायला मोकळीक देतो. मग नाव पुसणे हाही एक बदलच, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. या परवान्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे मूळ चित्रासोबत दिलेले निर्मात्याचे नाव, हक्कांची सूचना, परवान्याचा उल्लेख आणि चित्राचा दुवा पुढेही कायम ठेवावा लागतो, तसेच चित्रात बदल केला असेल तर तो सांगावा लागतो. मात्र ही माहिती नेमकी कुठे असावी, हे परवान्याने बांधून दिलेले नाही. माध्यमाला साजेल अशा कोणत्याही वाजवी पद्धतीने ती दिली तरी चालते. सारांश, नाव चित्रावरून उचलून चित्राखाली ठेवता येते, गायब करता येत नाही. तरीही कायद्याच्या जाणकारांत यावर पूर्ण एकवाक्यता नाही. ज्याचे नाव आहे त्यालाच विचारणे शक्य असेल, तर विचारून घेतलेले केव्हाही चांगले.

परवान्याच्या नावात ND ही अक्षरे असतील तर गोष्ट वेगळी. बदललेली प्रत वाटायला हा परवाना परवानगी देत नाही, त्यामुळे अशा चित्राला हात न लावणेच बरे. याच्या उलट CC0 परवान्यात निर्मात्याने श्रेयाची अटही सोडून दिलेली असते. चित्रे विकणाऱ्या संकेतस्थळावरचा नमुना, ज्यावर कंपनीचे नाव आडवेतिडवे पसरलेले असते, तो इथल्या विचारात बसतच नाही. तो नमुना पाहण्यापुरता असतो आणि पैसे भरल्यावर स्वच्छ प्रत मिळते.

फसगत होते ती आणखी एका ठिकाणी. चित्र चढवणाऱ्याने ‘हे माझेच काम’ असे म्हणून मुक्त परवाना लावलेला असतो आणि चित्रावर मात्र दुसऱ्याच कोणाचे तरी किंवा एखाद्या वृत्तपत्राचे नाव दिसते. असा परवाना बहुधा पोकळ असतो, कारण जे आपले नाही ते दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. अशा वेळी वॉटरमार्क हाच पुरावा ठरतो. तो पुसणे म्हणजे चोरीच्या मालावरची खूण घासून काढणे. खरा हक्कधारक कोण, हे स्पष्ट झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

परवानगी आहे असे ठरले, तरी लगेच ब्रश हातात घेण्याची घाई नको. छायाचित्रकाराकडे स्वच्छ मूळ प्रत असतेच, ती मागावी. पुसून मिळणारे कोणतेही चित्र तिच्या तोडीचे नसते. ती मिळत नसेल तर खूण नेमकी कुठे आहे ते पाहावे. समजा, किल्ल्याच्या दरवाज्याचे छायाचित्र ४००० बाय ३००० पिक्सेलचे आहे आणि नाव तळाच्या १२० पिक्सेलच्या काळ्या पट्टीत आहे. इथे पुसण्याजोगे काहीच नाही, पट्टी कापली की झाले. एरवी जेपीईजी फाइल उघडून पुन्हा जतन केली की ती पुन्हा दाबली जाते आणि दर्जा थोडा घसरतो. jpegtran हा छोटा प्रोग्राम मात्र ती पुन्हा न दाबता कापतो:

```
jpegtran -copy all -crop 4000x2880+0+0 -outfile nave.jpg mul.jpg
```

यातल्या `-copy all` मुळे कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेली तारीख, लेन्स वगैरे माहिती टिकून राहते.

तेच नाव दगडी भिंतीवर पांढुरक्या, अर्धपारदर्शक अक्षरांत असेल तर काम हाताचे होते. गिंपसारख्या प्रोग्राममध्ये मूळ थराची प्रत करून तिच्यावर काम करावे. सपाट दगड, आकाश, गवत अशा ठिकाणी ‘हील’ साधन चांगले चालते, कारण ते शेजारचा पोत आणून तिथल्या उजेडाशी जुळवते. दगडांमधल्या सांध्याजवळ किंवा दरवाज्याच्या कडेवर तेच साधन रंग फासून टाकते. तिथे ‘क्लोन’ वापरावे आणि नमुना त्याच सांध्यावरून, सारख्याच उजेडातल्या जागेवरून घ्यावा. एकच तुकडा पुन्हा पुन्हा उचलला तर तोच डाग ओळीने तीन-चारदा उमटतो आणि ठिगळ लगेच ओळखू येते.

सर्वांत जास्त राहून जाते ती अक्षरांभोवतीची झालर. जेपीईजी चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत साठवले जाते. त्यामुळे तीव्र कडेचा परिणाम त्या अख्ख्या चौकोनात पसरतो आणि अक्षराबाहेरही बारीक ठिपके उमटतात. म्हणून अक्षराच्या बाहेर आठ-दहा पिक्सेलपर्यंतचा भाग दुरुस्तीत घ्यावा. झाल्यावर कॉन्ट्रास्ट तात्पुरता खूप वाढवून पाहावा. साध्या नजरेला न दिसणारी अक्षरांची छाया त्यात उघडी पडते. त्यानंतर मूळ आणि नवा थर ‘डिफरन्स’ या पद्धतीने एकमेकांवर ठेवावेत. खुणेची जागा सोडून बाकी सगळे काळे दिसले, तर इतरत्र चुकून हात लागला नाही असे समजावे. फाइल शेवटी एकदाच, वरच्या दर्जाला जतन करावी.

या कामाला एक मर्यादा आहे. अक्षरांखाली खरोखर काय होते ते हील किंवा क्लोन परत आणत नाही, ते शेजारचेच काही तिथे बसवते. भिंतीच्या बाबतीत ते खपते. पण नाव शिलालेखाच्या ओळींवर, नाण्याच्या मजकुरावर किंवा चेहऱ्यावर पडले असेल, तर जे तयार होते ते बनावट असते. संदर्भासाठी छापायच्या चित्रात अशी दुरुस्ती करू नये, वॉटरमार्क तसाच राहू द्यावा.

चित्र स्वच्छ झाले की पुसलेले नाव दोन ठिकाणी लिहावे लागते. पहिले ठिकाण फाइलच्या पोटात:

```
exiftool -XMP-dc:Creator="छायाचित्रकाराचे नाव" -XMP-dc:Rights="CC BY-SA 4.0" nave.jpg
```

दुसरे चित्राखालच्या ओळीत. तिथे छायाचित्रकाराचे नाव, मूळ चित्राचा दुवा, परवान्याचे नाव व त्याचा दुवा आणि ‘कोपऱ्यातला वॉटरमार्क काढला आहे’ एवढे आले की पुरे. तारीख खुणेतच असेल तर तीही उतरवून घ्यावी, कारण बऱ्याच चित्रांची तारीख तेवढ्याच ठिकाणी शिल्लक असते. फाइलच्या पोटातल्या माहितीवर एकटीवर विसंबू नये. अनेक समाजमाध्यमे चित्र चढवताना ती झाडून टाकतात.

श्रेयाची ओळ द्यायची राहून गेली तर परवाना आपोआप संपुष्टात येतो. 4.0 आवृत्तीत ही चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत सुधारली, तर तो आपोआप पुन्हा लागू होतो. 3.0 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ही सवलत नाही. तिथे हक्कधारकाकडून परवानगी नव्याने मागावी लागते.