शब्दांचं गणित (भाग 7) : न दिसलेल्या जोडीचा वाटा

मागच्या भागात आपण आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाची मोजणी पाहिली. पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मधली 20,000 अक्षरं घेऊन स्वरामागून स्वर किती वेळा येतो आणि व्यंजन किती वेळा, हे त्याने काढलं आणि 1913 साली जाहीर केलं. आज तीच मोजणी अक्षरांऐवजी शब्दांवर करू. फोनवर लिहिताना पुढचा शब्द सुचवणारे सुरुवातीचे कीबोर्ड याच मोजणीवर उभे होते.

मोजणी अगदी सरळ आहे. भरपूर मजकूर घ्यायचा आणि लागोपाठ येणाऱ्या शब्दांच्या जोड्या मोजायच्या. दोन शब्दांच्या जोडीला बायग्रॅम म्हणतात, तिघांच्या गटाला ट्रायग्रॅम, आणि कितीही शब्दांच्या गटाला मिळून एन-ग्रॅम. हिशेबासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावच्या साप्ताहिकाचे जुने अंक जमवले, त्यांत एकूण 40,000 शब्द भरले आणि त्यांतले वेगवेगळे शब्द निघाले 5,000. 'उद्या' हा शब्द 20 वेळा आला. त्याच्या मागून 8 वेळा 'सकाळी' आला, 6 वेळा 'होणाऱ्या', 3 वेळा 'मतदान', 2 वेळा 'मुंबईत' आणि एकदा 'पाऊस'. म्हणजे 'उद्या'नंतर 'सकाळी' येण्याची शक्यता 20 पैकी 8, म्हणजे 0.40. कीबोर्डवर 'उद्या' लिहून जागा सोडली की 'सकाळी', 'होणाऱ्या', 'मतदान' असे तीन शब्द वर दिसतील. इथवर कुणालाही पटेल.

आता कुणीतरी घाईघाईत 'उद्या दुपरी' असं लिहितं. एक काना राहिला. कीबोर्डला 'दुपारी' हा शब्द माहीत आहे, बोट कुठे घसरलं याचाही अंदाज आहे. पण दुरुस्ती सुचवताना तो दोन शक्यतांचा गुणाकार करतो : या शब्दासाठी बोटं अशी पडण्याची शक्यता, आणि 'उद्या'नंतर हा शब्द येण्याची शक्यता. आपल्या अंकांत 'उद्या दुपारी' ही जोडी एकदाही आलेली नाही, म्हणून दुसरा आकडा शून्य. बोटांचा पुरावा कितीही भक्कम असो, शून्याने गुणल्यावर हाती शून्यच येतं. बरोबर शब्द यादीतून कायमचा बाद होतो.

अशा वेळी पहिला विचार येतो तो आणखी मजकूर गोळा करण्याचा. त्याने फरक पडतो, पण भोक बुजत नाही. शब्दसंग्रह 50,000 धरला तर कागदावर शक्य असलेल्या जोड्या 250 कोटी होतात आणि तिघांचे गट 125 लाख कोटी. त्यांतले बहुतेक निरर्थक असतात हे खरं, पण अर्थपूर्ण गटही इतके असतात की कुठल्याच ग्रंथालयात ते सगळे सापडणार नाहीत. मराठीत हे भोक आणखी मोठं आहे. इंग्रजीत जिथे एक शब्द असतो तिथे आपल्याकडे घर, घरी, घरात, घरातून, घराला, घराचा, घरासमोर अशी रांग लागते आणि यंत्राच्या हिशेबात यातला प्रत्येक शब्द वेगळा. 'नव्या घरात' शंभरदा पाहिलं तरी 'नव्या घरातून'बद्दल ते काहीच शिकत नाही.

तेव्हा न दिसलेल्या जोड्यांना थोडा तरी वाटा द्यायलाच हवा. पण सगळ्या शक्यतांची बेरीज 1च राहिली पाहिजे, म्हणून तो वाटा दिसलेल्या जोड्यांकडूनच काढून घ्यावा लागतो. उंचवट्यांवरची माती थोडी खरवडून खड्ड्यांत टाकायची, म्हणून या कामाला स्मूदिंग म्हणतात. माती किती खरवडायची आणि कुठल्या खड्ड्यात किती टाकायची, हे दोन प्रश्न. उत्तरं वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी शोधली.

सगळ्यांत जुना उपाय लाप्लासच्या नावाने ओळखला जातो : प्रत्येक जोडीच्या आकड्यात 1 मिळवा, म्हणजे शून्य उरणारच नाही. आपल्या साप्ताहिकावर करून बघू. 'उद्या सकाळी' 8 चे 9 झाले, पण खालचा भाजकही 20 वरून 5,020 झाला, कारण संग्रहातल्या प्रत्येक शब्दाला एकेक दिला. शक्यता 0.40 वरून 0.0018 वर कोसळली. 'उद्या'मागून कधीच न आलेल्या 4,995 शब्दांकडे मिळून 99.5 टक्के वाटा गेला. खड्डे भरायला निघालो आणि डोंगरच सपाट केला. शब्दसंग्रह मोठा असेल तिथे हा उपाय वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाठ्यपुस्तकं त्याने सुरुवात करतात ती समजायला सोपा म्हणून.

मग खरवडायचं किती? केनेथ चर्च आणि विल्यम गेल या बेल लॅब्जमधल्या दोघांनी 1991 साली याचं उत्तर तर्काने न काढता मोजून काढलं. त्यांची युक्ती मला या सगळ्या विषयात फार सुंदर वाटते. त्यांनी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातम्यांचे दोन सारखे ढीग केले, प्रत्येकात सुमारे 2.2 कोटी शब्द. पहिल्या ढिगात ज्या जोड्या बरोबर 4 वेळा आल्या त्या सगळ्या बाजूला काढल्या आणि दुसऱ्या ढिगात त्या सरासरी किती वेळा येतात ते पाहिलं. उत्तर आलं 3.23. पहिल्यात 3 वेळा आलेल्या दुसऱ्यात सरासरी 2.24 वेळा, 5 वेळा आलेल्या 4.21 वेळा, 9 वेळा आलेल्या 8.26 वेळा.

हे आकडे सावकाश बघा. जोडी 3 वेळा आलेली असो की 9 वेळा, घट साधारण पाऊणच आहे. ठरावीक टक्के कापले जात नाहीत, ठरावीक नग कापला जातो. कारण समजायला कठीण नाही. पहिल्या ढिगात 4 वेळा दिसलेल्या जोड्यांत काही अशा असतात ज्या निव्वळ योगायोगाने तिथे जरा जास्त आल्या. दुसऱ्या ढिगात तो योगायोग पुन्हा घडत नाही, आणि तिथली जागा पहिल्या ढिगात एकदाही न दिसलेल्या जोड्या घेतात. फक्त तळाशी हिशेब थोडा बदलतो : एकदाच आलेल्या जोड्या 0.448 वर उतरतात, म्हणजे त्यांची घट पाऊणपेक्षा कमी, सुमारे 0.55. म्हणूनच स्टॅन्ली चेन आणि जोशुआ गुडमन यांनी 1998 च्या आपल्या मोठ्या तुलनेत एकदा, दोनदा आणि तीन किंवा जास्त वेळा आलेल्या गटांसाठी तीन वेगळ्या वजाबाक्या ठेवल्या, आणि त्यांच्या चाचण्यांत तीच पद्धत सरस ठरली.

आपण सोपेपणासाठी सरसकट 0.75 वजा करू. 'उद्या'मागून पाच वेगवेगळे शब्द आले होते, म्हणून 5 गुणिले 0.75 म्हणजे 3.75 इतकी माती जमली. 20 ने भागल्यावर 0.1875. 'सकाळी' 0.40 वरून 0.3625 वर आला, 'पाऊस' 0.05 वरून 0.0125 वर. डोंगर डोंगरच राहिला आणि हातात पावणेएकोणीस टक्के आले. लाप्लासच्या 99.5 टक्क्यांशी याची तुलना करून बघा.

राहिला दुसरा प्रश्न, ही माती कोणाला किती द्यायची. सगळ्यांना सारखी वाटणं बरोबर नाही, कारण 'उद्या दुपारी' आणि 'उद्या चिंचवड' यांत 'दुपारी'चा हक्क उघडच मोठा आहे. आयबीएममधल्या स्लाव्हा कात्झने 1987 साली बॅक-ऑफची रीत मांडली. तिघांचा गट सापडला नाही तर एक पायरी माघार घ्यायची आणि जोडीकडे पाहायचं. जोडीही नसेल तर शब्द एकटा किती वेळा येतो ते पाहायचं आणि खरवडलेली माती त्या प्रमाणात वाटायची.

आपल्या अंकांत ही माघार कुठे अडखळते ते पाहा. समजा 'चिंचवड' 60 वेळा आला आणि 'दुपारी' 30 वेळा. एकट्या शब्दाच्या मोजणीने 'चिंचवड'ला 40,000 पैकी 60, म्हणजे 0.0015, आणि 'दुपारी'ला त्याच्या निम्मा वाटा. परिणामी 'उद्या'नंतर 'चिंचवड' येण्याची शक्यता 'दुपारी'च्या दुप्पट ठरते! पण जोडरेघ काढून ते 60 प्रसंग तपासले तर 57 वेळा आधी 'पिंपरी' आहे आणि 3 वेळा 'ते', म्हणजे 'पुणे ते चिंचवड'मधलं. हा शब्द खूप वेळा येतो, पण ठरलेल्या सोबतीनेच येतो. 'दुपारी' मात्र आज, काल, रोज, सोमवारी अशा 24 वेगवेगळ्या शब्दांमागून आलेला आहे.

राइनहार्ड क्नेसर आणि हर्मन नाय यांनी 1995 साली नेमकं हे धरलं. माघार घेतल्यावर शब्द किती वेळा आला हे मोजू नका, किती वेगवेगळ्या शब्दांमागून आला ते मोजा. आपल्या अंकांत वेगवेगळ्या जोड्या 16,000 आहेत असं धरू. 'चिंचवड'ला 16,000 पैकी 2, 'दुपारी'ला 16,000 पैकी 24. 0.1875 ने गुणल्यावर 'चिंचवड'ला मिळतात 0.000023 आणि 'दुपारी'ला 0.00028. आता 'दुपारी' बारापट पुढे. ('सकाळी'सारख्या दिसलेल्या शब्दांनाही याच नियमाने चिमूटभर माती परत मिळते, म्हणून बेरीज 1च राहते.) 'पिंपरी'नंतर 'चिंचवड'चं काहीच बिघडत नाही, कारण ती जोडी प्रत्यक्ष दिसलेली आहे आणि 57 मधून पाऊण गेल्याने तिला फरक पडत नाही. आणि 'उद्या दुपरी' लिहिणाऱ्याला त्याचा काना परत मिळतो.

स्मूदिंग नीट झालं की नाही हे ओळखायची रीतही चर्च-गेल यांच्यासारखीच आहे. मजकुराचा एक हिस्सा शिकवताना लपवून ठेवायचा, नंतर त्यावर शक्यता काढायची. लपवलेल्या मजकुराला सर्वांत जास्त शक्यता देणारी पद्धत चांगली. शिकवलेल्या मजकुरावरच तपासणी केली तर न खरवडलेली मोजणी नेहमीच पहिली येते, आणि तो निकाल फसवा असतो.

एक उणीव मात्र कुठल्याही खरवडीने भरत नाही. 'मी ती वही काल संध्याकाळी बाजारातून' एवढं लिहिल्यावर पुढे 'आणली' यायला हवं, 'आणलं' नव्हे. हे ठरवणारी 'वही' चार शब्द मागे आहे आणि ट्रायग्रॅमला फक्त 'संध्याकाळी बाजारातून' एवढंच दिसतं. गट लांबवला तर न दिसलेले गट झपाट्याने वाढतात आणि पुन्हा माघारच घ्यावी लागते. शिवाय फोनच्या स्मृतीत सगळं मावत नाही. गूगलच्या संशोधकांनी 2018 साली लिहिलं, की त्यांच्या जीबोर्डचं इंग्रजीचं मुख्य मॉडेल पाच शब्दांपर्यंतचं, कात्झच्या पद्धतीने स्मूद केलेलं आहे आणि त्यात एकूण साडेबारा लाख एन-ग्रॅम आहेत. त्यांतले 1,64,000 तर नुसते सुटे शब्द.

पुढच्या आठवड्यात ती चार शब्द मागची 'वही' लक्षात ठेवू पाहणाऱ्या मॉडेलांकडे वळू. तोवर हाताशी असलेल्या वर्तमानपत्रातली एक बातमी घ्या, तिच्यातल्या सगळ्या जोड्या लिहून काढा आणि एकदाच आलेल्या किती निघतात ते मोजून बघा.