नोटिशीला उत्तर: आधी हिशेब, मग भाषा

पुण्यातल्या एका कारखान्याचे उदाहरण घेऊ. 7 वर्षे 8 महिने नोकरी करून 2023मध्ये राजीनामा दिलेल्या पर्यवेक्षकाने वकिलामार्फत 1,80,000 रुपये ग्रॅच्युइटी मागितली. वकिलांना दाखवायच्या उत्तराच्या पहिल्या मसुद्यात ‘सर्व आरोप खोटे’ एवढेच होते. असे उत्तर कोर्टात टिकत नाही.

खरा प्रश्न आकड्याचा होता. 2025पर्यंत लागू असलेल्या 1972च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता धरत. घरभाडे भत्ता धरत नसत. सहा महिन्यांहून जास्तीचा काळ पूर्ण वर्ष ठरतो, म्हणून इथे 8 वर्षे. 26,000 रुपयांना 26ने भागून 15ने गुणले की 15,000. आठ वर्षांचे 1,20,000. नोटिशीत घरभाड्यासह 39,000 धरले होते.

मग सुधारित मसुद्यात 1,20,000 मान्य, उरलेले 60,000 कारणासह अमान्य. तीस दिवसांची मुदत टळली असल्याने व्याजही मांडले.

कंपनीला नोटीस पीरियडचे पैसे यातूनच कापायचे होते. तसे करता येत नाही, आणि ते वाक्य वकिलांनी खोडणे योग्यच. त्यांनी आणखी एक खबरदारी घेतली: लेखी, सहीनिशी कबुली मुदतीत दिली, तर दाव्याची मुदत नव्याने सुरू होते. म्हणून वादग्रस्त बोनसबद्दल ‘तपासून कळवू’ न लिहिता स्पष्ट नकार लिहिला.