भोकं किती, ते आधी सांगा

पुण्यातला टू बीएचके, भाड्याचा. राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणि घरून काम करायची खोली पार मागे. मध्ये दोन भिंती, त्यातली एक बाथरूमची. मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल सारखा अडकतो. लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडला की पूर्ण वेग मिळतो. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक आहे, वायफाय भिंतींत मरतंय. वायफायवरच चालणारा रिपीटर लावून फारसं भागत नाही, कारण अशक्त झालेला सिग्नलच तो पुढे ढकलतो. खरा उपाय म्हणजे राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-सिक्स वायर ओढायची आणि तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचा. भिंत मात्र घरमालकांची.

लिव्ह अँड लायसन्सच्या करारात बहुधा एक कलम असतं: मालकाच्या लेखी संमतीशिवाय जागेत फेरफार करायचा नाही. फोनवर मालक ‘करा की’ म्हणतात आणि डिपॉझिट परत करायच्या वेळी हिशेबाला त्यांचा मुलगा येतो. त्याला ते ‘करा की’ कुठून माहीत असणार? म्हणून ईमेल. मालक व्हॉट्सअ‍ॅपवरच असतात, तर तिथे ‘मेल पाठवली आहे’ एवढं कळवावं.

‘केबलिंग’ म्हटलं की मालकांच्या डोळ्यांपुढे ग्राइंडरने मारलेली झिरी आणि घरभर धूळ उभी राहते. त्यामुळे मेलमध्ये वायफायचं शास्त्र नको, भोकांचा हिशेब हवा. वरच्या घरासाठी ती अशी लिहिता येईल:

विषय: फ्लॅटमध्ये इंटरनेटची वायर ओढण्यासाठी परवानगी

नमस्कार काका,
मागच्या बेडरूममध्ये इंटरनेट नीट येत नाही, म्हणून हॉलमधून तिथपर्यंत एक वायर न्यायची आहे. भिंतीला झिरी मारणार नाही. वायर स्कर्टिंगच्या वरून पांढऱ्या केसिंग पट्टीतून जाईल. बेडरूमच्या भिंतीत दाराच्या चौकटीजवळ 10 मिमीचं एक आरपार भोक लागेल आणि आत दाराच्या वर छोटं यंत्र बसवायला स्क्रूची दोन भोकं. केसिंगला दर दोन-अडीच फुटांवर एक बारीक स्क्रू. विजेचा नवीन पॉइंट लागणार नाही. खर्च माझा. घर सोडताना यंत्र काढून नेईन. वायर व पट्टी ठेवायची की काढायची, ते तुम्ही सांगाल तसं. काढली तर भोकं बुजवून तेवढा रंग लावून देईन. जागांवर टेप लावून फोटो जोडले आहेत. मान्य असल्यास याच मेलला उत्तर द्यावं, ही विनंती.

यातला 10 मिमीचा आकडा उगाच नाही. कॅट-सिक्स वायर साधारण 6 मिमी जाड असते, पण तिच्या टोकाचा प्लग जवळपास 12 मिमी रुंद. तयार प्लगची वायर आणली तर भोक 15-16 मिमीचं पाडावं लागतं. नुसती वायर आधी ओवून प्लग नंतर क्रिम्प केला की लहान भोकात काम होतं. विजेच्या पॉइंटचंही तसंच: पीओई प्रकारच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज त्याच वायरीतून मिळते. तिचा अडॅप्टर राउटरशेजारच्या सॉकेटलाच बसतो.

यंत्र छताला न लावता दाराच्या वर मागितलं आहे, तेही विचार करूनच. स्लॅबमध्ये पंख्या-दिव्यांचे पाइप गाडलेले असतात आणि ड्रिल त्यात गेलं तर प्रकरण महागात पडतं. वरच्या मजल्यावर गच्ची असेल, तर मालकांना गळतीचीही धास्ती. छतासाठी बनवलेलं यंत्र भिंतीवर थोडं कमी पसरेल, पण एका खोलीला पुरतं. भिंतीतही आरपार भोक स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली घेऊ नये, विजेचे पाइप बहुधा तिथूनच उतरतात. बाथरूमच्या भिंतीला तर ड्रिल लावूच नये.

हॉल आणि बेडरूम दोन्हीकडे टीव्हीचे पॉइंट असतील, तर भोक पाडण्याआधी तिथल्या प्लेट उघडून पाहाव्यात. दोन्हींमध्ये सलग पाइप असेल, तर जुनी टीव्हीची वायर ओढताना तिच्या शेपटीला नवी बांधून आणता येते. पण ती जुनी वायर मालकांची, तेव्हा तेही मेलमध्ये विचारायचं. विजेच्या वायरींच्या पाइपमधून मात्र ही वायर न्यायची नाही.

‘स्क्रू कशाला, टेपनं चिकटवा ना,’ असं काही मालक सुचवतात. माझ्या मते हे स्क्रूपेक्षा वाईट. उन्हाळ्यात पट्टी सुटून लोंबकळते आणि काढताना दुहेरी टेप डिस्टेंपरचा पापुद्राच घेऊन येते. स्क्रूचं भोक चिमूटभर पुट्टीत बुजतं, सोललेल्या पट्ट्याला मात्र अख्खी भिंत रंगवावी लागते. हे त्यांना नम्रपणे पण स्पष्ट लिहावं.

आणि उत्तर ‘नको’ असंच आलं, तर चपटी कॅट-सिक्स वायर मिळते. ती स्कर्टिंगच्या कडेने आणून दाराखालच्या फटीतून सरकवायची आणि अ‍ॅक्सेस पॉइंट कपाटावर ठेवायचा. दार लावताना वायर चेपत नाही ना, तेवढं पाहायचं.