gm, hbd आणि ASA : छोटा मेसेज कधी चालतो, कधी खुपतो?

सकाळी मोबाईल उघडला की घराच्या ग्रुपवर आधी gm येतं. कुणाचा वाढदिवस असला की खाली hbd ची रांग लागते. ईदच्या दिवशी EM. आणि आता सलामसुद्धा ASA, AOA नाहीतर slm एवढाच येतो. पाठवणाऱ्या पोरांना यात काही वावगं वाटत नाही. पण वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावात, जिथली पोरं शिकायला आणि कामाला परभणी, नांदेड, पुण्याला गेलेली असतात, तिथे हाच मेसेज घरच्या मोठ्यांना कधीकधी टोचतो. दादी विचारते, "हे तीन अक्षर काय लिहिलंय?" आणि अर्थ कळल्यावर म्हणते, "इतकाही वेळ नाही का त्याला?"

दोष फक्त छोट्या अक्षरांचा आहे का? तसं म्हणता येणार नाही. कारण अक्षरं आखडून लिहिण्याची सवय आपल्याकडे मोबाईलच्या कितीतरी आधीपासून आहे.

सा.न.वि.वि. आणि 786

जुनी मराठी पत्रं काढून बघा. वर ‘ती.’ किंवा ‘चि.’, खाली ‘सा.न.वि.वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. लहानांना ‘अ.आ.’, म्हणजे अनेक आशीर्वाद. हे सगळे आखडलेलेच शब्द, तरी त्यात कुणाला अपमान वाटला नाही. कारण ‘ती.’ वाचताच समजायचं की पत्र वडीलधाऱ्या माणसाला आहे, आणि ‘चि.’ म्हणजे लहानाला. शब्द कमी झाला तरी नातं शिल्लक राहायचं. शिवाय त्याच्या खाली हाताने लिहिलेलं पानभर पत्र असायचं.

आपल्या घरांतलं उदाहरण 786 चं. अबजदच्या हिशोबात प्रत्येक अरबी अक्षराला एक आकडा असतो, आणि बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज 786 धरतात. पत्रावर, लग्नपत्रिकेवर हा आकडा लिहिण्यामागे अनेकांचा विचार असा होता की कागद उद्या रद्दीत जाईल, पायाखाली येईल, तेव्हा अल्लाहच्या नावाची बेअदबी होऊ नये. आकडा लिहिला म्हणजे बिस्मिल्लाह पढल्यासारखं होत नाही, असं उलमा सांगतात, आणि या रिवाजावर मतभेदही आहेत. पण तिथे आखडण्याचं कारण अदब होतं, आळस नव्हता.

gm आणि hbd मध्ये यातलं काहीच नाही. तेच hbd वर्गमित्राला, तेच दुकानाच्या मालकाला, आणि तेच नानाला. त्यात ना नाव, ना नातं. पुढे एक ओळही नाही. खुपतं ते हे.

जागेची अडचण खरंच होती का?

एसएमएसच्या काळात एका मेसेजमध्ये रोमन लिपीत 160 अक्षरं बसायची, देवनागरीत 70. प्रत्येक मेसेजला पैसे पडायचे, आणि सणाच्या दिवशी तर कंपन्यांचे स्वस्त पॅक चालायचे नाहीत. म्हणून लोक काटकसर करायचे. तरीही ‘अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू’ हा पूर्ण सलाम मोजला, काना-मात्रा आणि मधल्या जागा धरून, तर 40 अक्षरांत बसतो. म्हणजे देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये पूर्ण सलाम लिहूनही 30 अक्षरं उरायची. आज व्हॉट्सॲपवर तर ही मर्यादाच नाही.

सलाम ही फक्त सुरुवात नाही

gm चा पूर्ण शब्द लिहिला तरी ती शुभेच्छाच राहते. सलामचं तसं नाही, ती दुआ आहे. सूरह निसाच्या 86 व्या आयतीत सांगितलंय की कुणी सलाम केला तर त्याहून चांगल्या शब्दांत जवाब द्या, नाहीतर निदान तितक्याच शब्दांत परत करा. अबू दाऊद आणि तिर्मिझीमध्ये एक हदीस आहे. पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या मजलिसमध्ये एक माणूस ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणून बसला, तेव्हा त्यांनी दहा म्हटलं. दुसऱ्याने त्यात रहमतुल्लाह जोडलं, त्याला वीस. तिसऱ्याने बरकातुहूही म्हटलं, त्याला तीस. हा हिशोब नेकीचा होता. म्हणजे इथे शब्द वाढवायला सांगितलंय, आणि आपण ते तीन अक्षरांवर आणतोय.

आता ASA आला तर तितक्याच शब्दांत जवाब म्हणजे WS लिहायचं का? तसं केलं तर दोन्ही बाजूंनी दुआ राहून जाते. लिहिलेल्या सलामचाही जवाब द्यायला हवा, असं अनेक उलमा सांगतात, आणि तो तोंडाने दिला तरी चालतो. म्हणून मोठ्यांसाठी चांगला रस्ता असा : समोरच्याने ASA लिहिलं तरी आपण पूर्ण ‘व अलैकुम अस्सलाम’ लिहावं. पोराला न रागावताही कळतं.

तेराव्या शतकात दमिश्कचे हदीसचे मोठे आलिम इब्न अस-सलाह यांनीही लिहिणाऱ्यांना बजावलं होतं की पैगंबरांच्या नावापुढचा दरूद प्रत्येक वेळी पूर्ण लिहा, कंटाळू नका, अक्षरांत आखडू नका. तेव्हा तर सगळं हाताने, बोरूने लिहावं लागायचं.

कुठे चालतं, कुठे नाही

समजा, हट्ट्यात राहणाऱ्या चाचांचा वाढदिवस आहे आणि पुण्यातल्या पुतण्याने ‘hbd chacha’ पाठवलं. काही घरांत वाढदिवस मानतही नाहीत, तो भाग वेगळा. पण आठवण आलीच आहे तर हाच मेसेज असा लिहिता येतो : ‘अस्सलामु अलैकुम चाचा. अल्लाह तुम्हाला सेहत आणि लांब उम्र देवो. गुडघा आता कसा आहे?’ लिहायला अर्धा मिनिट जास्त. पण शेवटचा प्रश्न फक्त याच चाचांना विचारता येतो. तो दुसऱ्या कुणाला फॉरवर्ड करता येत नाही, आणि म्हणूनच तो आवडतो.

मित्रामित्रांत gm, hbd चालतं, कारण दोघांनाही ती भाषा ठाऊक असते आणि दिवसभर बोलणं सुरूच असतं. पण मोठ्यांना, शिक्षकांना, नव्या सोयरिकीत आणि इंतेकालच्या खबरेवर ते टाळावं. मय्यतच्या घरी ग्रुपवर RIP ची रांग लागते तेव्हा घरच्यांना फार परकं वाटतं. तिथे ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ पूर्ण लिहावं आणि जमलं तर फोन करावा. ज्या दादीला वाचता येत नाही, तिला लिहिण्यापेक्षा दहा सेकंदांचा आवाज पाठवावा.

बोटांचा त्रास वाचवायचा असेल तर

अँड्रॉइड फोनवर Gboard असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये Dictionary आणि मग Personal dictionary उघडा. ज्या भाषेत टाईप करता ती निवडा, + दाबा. वरच्या ओळीत पूर्ण सलाम लिहा, खाली Shortcut मध्ये asa. यानंतर asa टाईप केलं की कीबोर्डच्या वरच्या पट्टीत पूर्ण सलाम दिसतो. त्यावर बोट ठेवायला मात्र विसरू नका, नाहीतर asa च जाईल.

सलाम असा एका बोटात होतो. पुढचं ‘चाचा’ किंवा ‘दादी’ मात्र स्वतः लिहा.