वाफसा आणि बेवड : हळदीच्या रानाचे तीन प्रश्न

कृषी पदविकेला शिकणारी लेक किंवा सून घरात असेल, तर परीक्षेच्या दिवसांत तिच्या वहीत तीन प्रश्न हमखास दिसतात. जमिनीला पाणी कधी द्यावे? किती द्यावे? आणि या पिकानंतर कोणते पीक घ्यावे? उत्तरासाठी आपण आपले हळदीचे रान घेऊ. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण कंद सडला तर नऊ महिन्यांची मेहनत आणि पुढच्या वर्षाचे बेणे, दोन्ही जाते.

पहिला प्रश्न, पाणी कधी. आपली काळी माती फार चिकण असते. ती पाणी धरून ठेवते आणि उशिरा सोडते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडे पाणी आणि थोडी हवा असेल, तर त्याला आपण वाफसा म्हणतो. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. अशाच चिबड जागी कंदकुजीची बुरशी वाढते.

वाफसा हाताने तपासता येतो. गादीवाफ्यात वीतभर खोल जाऊन मूठभर माती काढा आणि दाबून तिचा लाडू करा. तळहात ओला, चिकट झाला तर पाणी देऊ नका. लाडू झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे. लाडू बांधलाच जात नसेल, तर पाण्याची वेळ झाली. वरची माती पांढरी पडली म्हणून मोटार चालू करू नका. वर कोरडे दिसते तेव्हा खाली गारा असू शकतो.

दुसरा प्रश्न, पाणी किती. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, एवढे लक्षात ठेवले की पुढचे गणित सोपे आहे. समजा, ठिबकच्या दोन नळ्यांमध्ये दीड मीटर अंतर आहे आणि नळीवर दर 40 सेंटीमीटरला एक ड्रिपर आहे. दीड गुणिले 0.4, म्हणजे एका ड्रिपरच्या वाट्याला 0.6 चौरस मीटर जागा आली. पिकाची त्या दिवसाची गरज 4 मिलिमीटर धरली, तर ड्रिपरने 2.4 लिटर पाणी द्यायला हवे. ड्रिपर तासाला 4 लिटरचा असेल, तर 36 मिनिटे पुरतात. एक दिवसाआड पाणी देत असाल तर 72 मिनिटे.

पण ड्रिपर खरेच 4 लिटर देतो का? त्याच्याखाली लिटरची बाटली ठेवा. ती 15 मिनिटांत भरायला हवी. 20 मिनिटे लागली तर ड्रिपर तासाला तीनच लिटर देतो आहे, आणि 36 ऐवजी 48 मिनिटे लागतील. आधी गाळणी धुवा, नळ्यांची टोके उघडून गाळ जाऊ द्या आणि पुन्हा मोजा. शेताच्या सुरुवातीला आणि शेवटाला, दोन्हीकडे मोजा. 4 मिलिमीटर हा आकडा मात्र कायमचा नाही. उन्हात गरज वाढते, गारव्यात कमी होते, आणि पावसात मोटार बंदच ठेवायची. म्हणून गणित केले तरी मातीचा लाडू करून पाहायचाच.

तिसरा प्रश्न, बेवड. पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळत आहेत, खोड जमिनीलगत मऊ झाले आहे, ओढले की सहज उपटून येते आणि कंदाला घाण वास येतो, अशी झाडे दिसली तर ती कंदकूज समजा. तो भाग खणून रानाबाहेर नष्ट करा आणि पाणी निघायला चर काढा. तिथले कंद बेण्याला ठेवू नका. काढणीनंतरही बुरशी मातीत आणि राहिलेल्या तुकड्यांत जिवंत राहते. त्याच रानात पुन्हा हळद किंवा आले लावले, की तिला आयते खाद्य मिळते.

म्हणून एक एकराचा फेर असा धरता येईल. पहिल्या वर्षी हळद. दुसऱ्या वर्षी खरिपात सोयाबीन आणि रब्बीत ज्वारी. तिसऱ्या वर्षी खरिपात मूग आणि रब्बीत हरभरा. चौथ्या वर्षी पुन्हा हळद. सोयाबीन, मूग, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड अलगद खणून गाठ चिरून पाहा. आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे, हिरवट-करडी असेल तर नाही.

सोयाबीन आणि हरभरा दरवर्षी एकामागून एक घेतले, तर ते बेवड होत नाही, कारण दोन्ही द्विदलच आणि हरभऱ्याची मर रोगाची बुरशीही मातीतच साचत जाते. मध्ये ज्वारी घातली ती त्यासाठी.

फेरपालटाने बुरशी कमी होते, पुरती संपत नाही. म्हणून चौथ्या वर्षी हळद लावताना बेणे निरोगी रानातलेच घ्या, गादीवाफे उंच ठेवा आणि पाण्याआधी मातीचा लाडू करून पाहायला विसरू नका.