स्पर्शविरहित देयक : फोन आणि दुकानातील टर्मिनल

मागील भागात आपण रेडिओतरंगांनी होणारे दूरचे संदेशवहन पाहिले. फोन टर्मिनलजवळ धरून पैसे देताना घडणारी क्रिया मात्र वेगळी आहे. तिचे नाते रेडिओपेक्षा रोहित्राशी अधिक जवळचे आहे.

टर्मिनलमध्ये तारेचे एक सपाट वेटोळे असते. त्यातून सेकंदाला 1 कोटी 35 लाख 60 हजार आवर्तने, म्हणजेच 13.56 मेगाहर्ट्झ वारंवारता, असलेला दिशा बदलणारा प्रवाह वाहतो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. फोनच्या मागील बाजूसही असेच वेटोळे असते. ते या क्षेत्रात आले की त्यात विद्युतदाब प्रवर्तित होतो.

हे क्षेत्र अंतरानुसार झपाट्याने क्षीण होते. वेटोळ्याची त्रिज्या 3 सेंमी आहे असे मानू. अक्षावर 4 सेंमी अंतरावर क्षेत्राची तीव्रता केंद्रातील तीव्रतेच्या सुमारे एक पंचमांश उरते, तर 10 सेंमीवर ती सुमारे बेचाळिसाव्या भागाइतकीच असते. म्हणूनच फोन अगदी जवळ न्यावा लागतो.

टर्मिनल आपल्या क्षेत्राची तीव्रता ठरावीक क्षणी कमी करून संदेश पाठवते. उत्तर देणारे साधन आपल्या वेटोळ्यावरील विद्युतभार जलद कमी-अधिक करते. त्यामुळे टर्मिनलच्या वेटोळ्यातील दाबात सूक्ष्म चढउतार होतात आणि टर्मिनल ते वाचते. याला ‘लोड मॉड्युलेशन’ म्हणतात. बॅटरी नसलेले कार्ड याच पद्धतीने उत्तर देते. अनेक फोन मात्र आपले उत्तर बॅटरीच्या साहाय्याने अधिक बलवान करतात.

अल्प अंतर म्हणजेच सुरक्षितता, असा समज होण्याची शक्यता आहे. परंतु संवेदनशील उपकरणाने ही देवाणघेवाण काहीशा अधिक अंतरावरूनही टिपता येते. खरे संरक्षण संदेशाच्या आशयात असते. फोनमधील देयक-सेवा सामान्यतः मूळ कार्डक्रमांकाऐवजी ‘टोकन’ नावाचा पर्यायी क्रमांक देते आणि त्याच व्यवहारापुरता वैध असा एक गूढसंकेत सोबत जोडते. तो चोरून पुन्हा वापरल्यास व्यवहार नाकारला जातो.

व्यवहार अडल्यास दोष कोठे आहे हे पुष्कळदा ओळखता येते. फोन काहीच प्रतिसाद देत नसेल आणि त्यातील ही सुविधा सुरू असेल, तर दोन्ही वेटोळी समोरासमोर आलेली नसण्याची शक्यता असते. फोनच्या आवरणातील धातूची पट्टीही अडथळा ठरते. तिच्यात निर्माण होणारे भोवरी प्रवाह मूळ क्षेत्राला विरोध करतात. फोन सरकवून किंवा आवरण काढून पाहावे. फोन व टर्मिनल यांचा संवाद पूर्ण होऊनही व्यवहार नाकारला गेला, तर चुंबकीय जोडणीने आपले काम केलेले असते. कारण पुढे, बँकेच्या मंजुरीच्या टप्प्यावर शोधावे.